दोघांचंही सतराच, मग आमच्याच लेकराला लाईट काऊन?

आमच्या नवजात शिशू कक्षाच्या दारात एक आजी दोन कागद घेऊन उभी होती. एक कागद तिच्या नातीचा, दुसरा शेजारच्या गावातल्या बाळाचा. दोन्ही आया सोनोग्राफीच्या रांगेत ओळखीच्या झाल्या होत्या, म्हणून आजीनं दुसऱ्या बाळाच्या बापाकडून कागद मागून आणला होता. दोन्हीवर बिलिरुबिन १७. दुसऱ्या बाळाला आम्ही दूध पाजत राहा आणि उद्या दाखवा असं सांगून घरी पाठवलं होतं. हिच्या नातीला मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या लाईटखाली ठेवलं होतं.

"सिस्टर, दोघायचंबी सतराच हाये. मंग आमच्याच लेकराले लाईट काऊन?"

मी या कक्षात काम करते आणि कावीळ समजावून सांगायला मला यापेक्षा चांगला प्रश्न आजवर कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर नीट कळलं की नवजात बाळाच्या काविळीचं जवळजवळ सगळं कळतं.

आधी हा पिवळा रंग येतो कुठून ते पाहू. आपल्या रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की फुटतात आणि त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. मोठ्या माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, नवजात बाळाची त्याहून बरीच कमी. शिवाय पोटात असताना बाळाला आईकडून मिळणारा प्राणवायू बेताचाच असतो, म्हणून ते जास्तीच्या लाल पेशी घेऊनच जन्मतं. म्हणजे पेशी जास्त आणि त्या फुटतातही लवकर. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. लिव्हर त्याच्यावर प्रक्रिया करतं, तेव्हा ते पित्तातून आतड्यात उतरतं आणि शीवाटे बाहेर जातं. आईच्या पोटात हे काम वारेमार्फत आईचं लिव्हर करत होतं. नाळ कापली की ते बाळाच्या अंगावर पडतं, आणि बाळाचं लिव्हर तर अजून नवखं.

आपल्याकडे दिवाळीनंतर जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तसं हे आहे. गाड्या एकदम येतात आणि आत मशीन एकच चालू असतं. रांग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत लांब होते. पुढे लिव्हरची एकेक मशीन सुरू होत जाते आणि रांग सरते. पूर्ण दिवसांच्या दर १० बाळांपैकी साधारण ६ बाळं पहिल्या आठवड्यात थोडी तरी पिवळी दिसतात, कमी दिवसांच्या १० पैकी ८. त्यांतली बहुतेक काहीही न करता बरी होतात.

या रांगेत आणखी एक घोळ आहे, तो लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्यावरच बरंच अवलंबून आहे. आतड्यात उतरलेलं बिलिरुबिन शीवाटे लवकर बाहेर पडलं नाही तर तिथूनच परत रक्तात शोषलं जातं. खाली केलेली गाडी पुन्हा भरून रांगेत येऊन उभी राहते म्हणा ना. बाळाची पहिली काळी शी बिलिरुबिननं भरलेली असते. ती बाहेर काढायला पोटात दूध जावं लागतं. दूध कमी गेलं की शी अडते, आणि शी अडली की पिवळेपणा वाढतो.

आता आजीचा प्रश्न. दुसरं बाळ ३९ आठवडे पूर्ण करून जन्मलेलं, ३ किलो १०० ग्रॅम. त्याचं रक्त घेतलं तेव्हा ते ९६ तासांचं, म्हणजे पूर्ण चार दिवसांचं होतं. आजीची नात ३६ आठवड्यांची, २ किलो ३०० ग्रॅम. सोमवारी रात्री अकराला जन्मली, गुरुवारी सकाळी अकराला तिचं रक्त घेतलं, म्हणजे ६० तास. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाला चौथ्या दिवशी लाईट लावण्याची रेषा २० च्या आसपास असते. ३६ आठवड्यांच्या बाळाला ६० व्या तासाला ती १५ च्या आसपास येते. वेगवेगळ्या तक्त्यांत एक-दीड आकड्याचा फरक असतो, पण या दोन बाळांचा निकाल कुठल्याही तक्त्यावर बदलत नाही. एकाचा १७ रेषेच्या खाली होता, दुसरीचा वर.

असं का, हे मी आजीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून सांगितलं. पूर्ण दिवसांचं बाळ चौथ्या दिवशी १७ वर आहे, म्हणजे ते चढ चढून जवळजवळ माथ्यावर पोहोचलंय. तुमची नात अडीच दिवसांतच १७ वर आली आणि कमी दिवसांच्या बाळाचा चढ पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत चालतो. तिला अजून बरंच चढायचंय. आणि कमी दिवसांच्या बाळाचा मेंदू या द्रव्यापुढे जास्त नाजूक असतो, तिथे कमी आकडाही इजा करू शकतो. म्हणून नुसता आकडा कधीच वाचू नका. कितव्या तासाचा आकडा, किती आठवड्यांचं बाळ, आणि त्या बाळाला दुसरा काही त्रास आहे का, हे तीन प्रश्न त्याच्या सोबत असलेच पाहिजेत. डिस्चार्जच्या कागदावर जन्माची तारीखच नाही तर वेळही लिहून घ्या असं मी प्रत्येक आईला सांगते ते यासाठी.

तासांचा हिशेब सगळ्यांत कडक लागतो तो पहिल्या दिवशी. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळ पिवळं दिसलं तर ती साधी कावीळ नाही असंच धरायचं आणि त्याच वेळी रक्त तपासायचं, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी. इतक्या लवकर पिवळेपणा येतो तेव्हा बहुधा लाल पेशी नेहमीपेक्षा कितीतरी झपाट्यानं फुटत असतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, किंवा आईचा ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल, तर आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळाच्या पेशी फोडू शकतात. निगेटिव्ह गटात पहिलं बाळ बहुधा सुटतं, त्रास पुढच्याला होतो. म्हणूनच बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. गर्भपात झाला तरी ते लागतं, आणि नेमकं तिथेच ते राहून जातं. ओ गटात मात्र पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते, फक्त ती सहसा तितकी जहाल नसते.

आपल्या भागात आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं लागतं. काही मुलांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. गडचिरोली, चंद्रपूरच्या आदिवासी भागात हे आढळतं, आणि मुलांत मुलींपेक्षा जास्त. एरवी अशा बाळाला बहुधा काही होत नाही. पण डांबराच्या गोळ्यांचा वास त्याच्या पेशींना सोसत नाही. आपल्याकडे काय होतं, बाळासाठी म्हणून आजीचं मऊ झालेलं जुनं लुगडं पेटीतून निघतं. कपड्यांना कसर लागू नये म्हणून पेटीत वर्षभर डांबराच्या गोळ्या टाकलेल्या. तेच लुगडं बाळाला गुंडाळतात, त्याचीच दुपटी फाडतात. त्या वासानं अशा बाळाच्या पेशी धडाधड फुटतात आणि आकडा एका दिवसात कुठल्या कुठे जातो. म्हणून बाळासाठी निघणारं कापड आधी धुऊन, कडक उन्हात वाळवून वास पूर्ण घालवा, आणि बाळंतिणीच्या खोलीत त्या गोळ्या ठेवूच नका.

सिकलसेलबद्दलही आया हमखास विचारतात, कारण विदर्भात तो घरोघरी ऐकलेला आजार आहे. सिकलसेल सहसा जन्मल्या जन्मल्या कावीळ करत नाही. नवजात बाळाच्या रक्तात बहुतांश गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते सिकल होत नाही. त्याची लक्षणं बहुधा सहा महिन्यांच्या आसपास सुरू होतात. तुमच्या घरात सिकलसेल असेल तर बाळाची त्यासाठीची तपासणी जरूर करा, पण तिसऱ्या दिवसाचा पिवळेपणा त्याच्या माथी मारून गप्प बसू नका.

आता घरी ओळखायचं कसं. आजीच्या नातीला बुधवारी संध्याकाळी घरी सोडलं होतं, तेव्हा ती ४३ तासांची होती आणि थोडीशीच पिवळी होती. कमी दिवसांच्या बाळाला इतक्या लवकर सोडायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी गेल्यावर बाळ-बाळंतीण आतल्या अंधाऱ्या खोलीत. तिथे एक पिवळा बल्ब. त्या उजेडात सगळीच बाळं सारखी दिसतात. गुरुवारी सकाळी आशाताई तिसऱ्या दिवसाच्या भेटीला आल्या. त्यांनी बाळाला उचलून पडवीत आणलं, दिवसाच्या उजेडात, पण उन्हात नाही. कपाळावर, मग छातीवर, मग मांडीवर आणि शेवटी तळपायावर बोट दाबून सोडलं. दाबल्यावर क्षणभर रक्त सरकतं आणि खालचा खरा रंग दिसतो. छाती पिवळी, पोट पिवळं, मांड्याही पिवळ्या निघाल्या.

पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरत जातो. फक्त चेहरा पिवळा असेल तर आकडा बहुधा कमी असतो, तळहात-तळपाय पिवळे झाले तर तो १५ च्या वर गेला असण्याचीच शक्यता जास्त. पण डोळ्यांनी आकडा सांगता येत नाही, हेही तितकंच खरं. सावळ्या बाळात तर मी स्वतः चुकले आहे. मला १० वाटलेलं बाळ तपासल्यावर १६ निघालंय. सावळ्या बाळाच्या कातडीपेक्षा डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहा. नजरेचा उपयोग बाळाला न्यायचं का नाही हे ठरवण्यापुरताच. लाईट लावायचा का नाही हे रक्ताच्या तपासणीवर ठरतं.

आशाताईंनी रंगाइतकंच महत्त्वाचं आणखी एक काम केलं, त्यांनी बाळाचं वजन केलं. २ किलो ६० ग्रॅम. म्हणजे २४० ग्रॅम घटलं होतं, जन्मवजनाच्या १० टक्क्यांहून थोडं जास्त. पहिल्या दिवसांत थोडं वजन सगळ्याच बाळांचं घटतं, पण १० टक्के म्हणजे बाळाच्या पोटात दूध जात नाहीये. विचारलं तर कळलं, कालपासून दोनदाच लघवी, आणि शी अजून काळीच. बाळ झोपाळू होतं, म्हणून घरचे म्हणायचे, झोपू द्या, गरीब आहे पोर. ३६ आठवड्यांचं बाळ रडून दूध मागेलच असं नाही. त्याला दर दोन तासांनी उठवून पाजावं लागतं, दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा. मध्ये मध पाण्यात कालवून चाटवला होता, साखरेचं पाणीही दिलं होतं. त्यानं पोट भरल्यासारखं होतं, बाळ अंगावर ओढत नाही, आणि शी काही बाहेर येत नाही. मघाशी सांगितलेल्या परतीच्या गाड्या त्या इथे.

आशाताईंनी थेट १०२ ला फोन केला. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाची तपासणी, उपचार आणि नेआण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, त्यामुळे पैशांची जुळवाजुळव करत दुपार गेली नाही. तिसऱ्या दिवसाच्या भेटीनंतर आशाताईंची पुढची ठरलेली भेट सातव्या दिवशी असते, आणि काविळीचा माथा नेमका या दोन भेटींच्या मधे येतो. बाळ कमी दिवसांचं असेल, किंवा आईचा गट ओ किंवा निगेटिव्ह असेल, तर पाचव्या दिवशी मुद्दाम बोलावून घ्या. आशाताई येतात, त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं.

आजीचा दुसरा प्रश्न उन्हाचा होता. "कोवळ्या उन्हात ठेवलं असतं तं नसतं का उतरलं?" यात ती अर्धी बरोबर होती. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या दवाखान्यात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका कमी दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं, त्याचं अंग फिकट झालं होतं, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तिकोनी भाग मात्र पिवळाच राहिला होता. उजेडानं कावीळ उतरते हे तिथून कळलं आणि १९५८ मध्ये ते छापून आलं. एका सिस्टरच्या नजरेतून हा उपचार निघाला, याचा मला अभिमान वाटतो.

पण पुढच्या अभ्यासात कळलं की काम करतो तो उजेडातला निळा-हिरवा भाग. तो बिलिरुबिनचा आकारच असा बदलतो की ते लिव्हरच्या मशीनमधून न जाताही पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. सूर्यप्रकाशात तो भाग असतो, पण त्यासोबत कातडी भाजणारे किरण आणि उष्णताही असते. आणि उघडं बाळ किती वेळ ठेवलं, त्याला नेमका किती उजेड मिळाला, हे मोजता येत नाही. पौष महिन्यात सकाळी सातला बाळ उघडं केलं तर गारठतं. चैत्र-वैशाखात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो, तिथे बाळ तापतं, सुकतं, आणि सुकलं की आकडा आणखी चढतो. दवाखान्यातला एलईडी लाईट निळा दिसतो, बाळापासून ठरलेल्या अंतरावर लावतात, फक्त लंगोट ठेवून सगळं अंग त्याच्याखाली येऊ देतात आणि डोळे झाकतात. खोलीतल्या ट्यूबलाईटनं किंवा बाजारातल्या निळ्या झिरोच्या बल्बनं हे होत नाही.

आजीच्या नातीचा लाईट गुरुवारी दुपारी एकला सुरू झाला. आई दर दोन तासांनी पाजत होती, ओढून झालं की काढलेलं दूध वाटी-चमच्यानं देत होतो. सहा तासांनी आकडा १६ च्या खाली आला. रात्रीपर्यंत काळी शी संपून हिरवट पातळ शी सुरू झाली. आई घाबरली, पण लाईटखाली अशी शी होते, ते पिवळं द्रव्यच बाहेर पडत असतं. दुसऱ्या दिवशी बाळ पाहून आजी म्हणाली, उतरली ना, चला आता. लाईटखालचं बाळ कातडीवरून फिकट दिसतंच, आतला आकडा मात्र तितका उतरलेला नसतो. त्यामुळे लाईट लावल्यावर रंगावर भिस्त ठेवता येत नाही. शनिवारी सकाळी ११ आला तेव्हा लाईट बंद केला, आणि रविवारी पुन्हा तपासून घरी सोडलं, कारण बंद केल्यावर आकडा थोडा उसळी मारतो.

इतकी घाई कशासाठी, हेही सांगायला हवं. बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूत शिरतं आणि हालचाल व ऐकणं सांभाळणाऱ्या भागांत जाऊन बसतं. सुरुवातीला बाळ सुस्त होतं, अंगावर ओढत नाही. मग रडणं बारीक, टोकदार होतं, अंग ताठ होऊन पाठीकडे धनुष्यासारखं वाकतं, झटके येतात. पूर्ण दिवसांच्या बाळात २५ च्या आसपास रक्तबदल करावा लागतो, आणि अशी लक्षणं दिसली तर त्याआधीच. रक्तबदलात बेंबीच्या शिरेतून थोडं थोडं रक्त काढत तितकंच नवं भरत जातात, अडीच किलोच्या बाळात एकूण साधारण ४०० मिलिलिटर, म्हणजे अंगातल्या रक्ताच्या दुप्पट. सहाव्या दिवशी आमच्याकडे पोहोचलेलं एक बाळ मला आठवतं. पाठ वाकलेली होती. तीन दिवस गळ्यात काविळीची माळ होती. रक्तबदल केला, बाळ वाचलं. दोन वर्षांनी आई त्याला कानाच्या तपासणीसाठी घेऊन आली, हाक मारली तर वळत नव्हतं आणि मान अजून सावरत नव्हती. ती बाई मला काहीच बोलली नाही. माळेबद्दल मी कुणावर रागावत नाही, कारण ती घातली की खरंच बहुतेक बाळं बरी होतात. दहा दिवसांत ती माळ न घालताही होतात. प्रश्न फक्त त्या उरलेल्या बाळांचा असतो, आणि ती कोणती हे माळेला कळत नाही.

आजी निघताना मी तिला एकच काम सांगितलं. पूर्ण दिवसांच्या बाळाचा पिवळेपणा दोन आठवड्यांत जातो, कमी दिवसांच्या बाळाचा तीन. अंगावरच्या दुधानं काही बाळं त्यानंतरही थोडी पिवळी राहतात. वजन वाढत असेल, शी पिवळी असेल, तर दूध तोडायचं नाही. पण त्या मुदतीनंतरही पिवळेपणा असेल तर रक्त तपासायलाच हवं, आणि शी पांढरट, खडूसारखी किंवा लघवी कपड्याला पिवळे डाग पाडणारी असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. तेव्हा पित्ताची नळी बंद असू शकते. ती वेगळीच कावीळ, तिथे लाईटचा उपयोग नाही. तिचं ऑपरेशन बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तरच चांगलं साधतं.

एकविसाव्या दिवशी आजी नातीला घेऊन आली. वजन २ किलो ६५०. डोळे पांढरेशुभ्र. तरी तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सकाळचा लंगोट काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. शी मोहरीसारखी पिवळीधमक होती.